लंडीखानाचं बंद स्टेशन

१० डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचं सुखोई पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत दाखल झाले. भारतीय हवाई दलाचे बारा अधिकारी तिथे होते. सुरुवातीला एकांतवास आणि चौकशी. जिनिव्हा करारानुसार कैद्याला फक्त नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख सांगणं बंधनकारक असतं. बाकी प्रश्नांना तो तोंड मिटून बसू शकतो. चौकशी संपल्यावर मात्र सगळ्यांना एकत्र ठेवलं गेलं. छावणीचे प्रमुख उस्मान हमीद यांनी नाताळला केकही आणवला. अधिकाऱ्यांना कामाला जुंपता येत नाही, उलट त्यांना दरमहा ठरावीक रक्कम द्यावी लागते. म्हणजे हाल नव्हते, पण दिवस सरत नव्हता आणि सुटकेची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती.

सिमला करार झाला तरी कैद्यांचा प्रश्न लोंबकळतच राहिला. परुळकरांनी तोवर पळून जायचं मनाशी पक्कं केलं होतं. सगळ्यांनाच ते पटलं नव्हतं. मागे राहणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागणार, ही शंका रास्तच होती. तरीही काम सुरू झालं आणि रिकाम्या दिवसांना आकार आला. मिळणाऱ्या पैशांतून टिकाऊ खाणं साठवायचं, वैमानिकांच्या जी-सूटमधून पाण्याच्या पिशव्या करायच्या, सुई चुंबकित करून होकायंत्र बनवायचं, भिंतीच्या विटा सुट्या करायच्या, पहाऱ्यावर नजर ठेवायची. जे पळणार नव्हते त्यांच्याही वाट्याला काम आलं. पकडणाऱ्याच्या वेळापत्रकाच्या आत कैद्यांचं स्वतःचं वेळापत्रक तयार झालं होतं. मनोधैर्य म्हणतात ते इथे असं रोजच्या कामात दिसतं.

१२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री परुळकर, गरेवाल आणि हरीश सिंहजी भगदाडातून बाहेर पडले. बसने पेशावर, पुढे जमरूद आणि लंडी कोतल. अफगाण सीमा जेमतेम चार मैलांवर राहिली होती. जुन्या नकाशावर पुढचं स्टेशन लंडीखाना होतं, म्हणून त्यांनी तिथली वाट विचारली. ते स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलं होतं! स्थानिकांना संशय आला. हे पळून चाललेले बंगाली असावेत, असं वाटून त्यांना तहसीलदारापुढे उभं केलं गेलं. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत, ही बतावणी टिकेना, तेव्हा परुळकरांनी उस्मान हमीद यांना फोन लावायला लावला. ते आता हवाई दल प्रमुखांचे एडीसी होते. 'ही आपलीच माणसं आहेत' असा त्यांनी निर्वाळा दिला. नाहीतर त्या मुलखात गोळी लागायला वेळ लागला नसता.

फसलेल्या पलायनाला करारानुसार फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि एकांतवास तीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. तिघांनी ती भोगली. साथीदारांची रवानगी लायलपूरच्या तुरुंगात झाली, पुढे हे तिघेही तिथेच पोहोचले. १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे वाघा ओलांडून भारतात परतले.