उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि पुढच्या आठवड्याचा तास

चाचणी झाली, गुण भरले, तक्ता तयार झाला. तक्त्यात दिसते की चौथीची निम्मी मुले वजाबाकीत अडली आहेत. पण त्यांना सोमवारी काय शिकवायचे, हे तक्ता सांगत नाही. ते उत्तरपत्रिकेत असते. म्हणून शिक्षकांची कार्यशाळा आखताना पहिली सूचना अशी द्यावी: तक्ते नकोत, तपासलेल्या उत्तरपत्रिका घेऊन या.

तीन तासांत एकच प्रश्न हाती घ्यावा. उदाहरणार्थ, ५०३ वजा २७८. बरोबर उत्तर २२५. शिक्षकांनी गटात बसून चुकलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे करावेत. कमी-जास्त गुणांनुसार नव्हे, तर चुकीच्या प्रकारानुसार. एका गठ्ठ्यात उत्तर ३७५ येते. ही मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. वरचा कोणता, खालचा कोणता, हे पाहत नाहीत. दुसऱ्या गठ्ठ्यात ३३५. यांनी हातचा घेतला, पण जिथून घेतला तिथला अंक कमी केला नाही. दोघांनाही शून्य गुण मिळाले, पण दोघांची अडचण वेगळी आहे.

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये. तशीच आणखी दोन उदाहरणे पाहावीत आणि मुलाला ‘कसं केलंस, सांग’ असे विचारावे. त्यासाठी दोन-तीन मुलांशी आधीच बोलून त्यांचे म्हणणे लिहून आणायला शिक्षकांना सांगावे. पर्यायी प्रश्नांची चाचणी असेल, तर कच्चे कामही मागवावे. नुसत्या खुणेवरून विचार कळत नाही.

निम्मा वेळ पुढच्या पाठासाठी राखून ठेवावा. ३३५वाल्यांना खेळातल्या नोटा द्याव्यात: शंभराच्या पाच आणि एक रुपयाची तीन नाणी. एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून दहा नाणी. आता हातात चार शंभर, नऊ दहा आणि तेरा सुटे. शंभर एकाने कमी झाले, हे मूल स्वतः मोजते. ३७५वाल्यांनी आधी ५२ वजा २७ करावे: दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, हे त्यांना तिथे उमगते.

कार्यशाळा फसते ती बहुधा तुकड्यांची तुलना सुरू झाल्यावर. कोणाचा वर्ग मागे, हे मुख्याध्यापकांनी विचारले की शिक्षक चुका झाकू लागतात आणि ‘घरी अभ्यास होत नाही’ अशी कारणे पुढे येतात. म्हणून पत्रिकांवरची नावे आणि तुकड्या झाकून गठ्ठे मिसळावेत.

शेवटी प्रत्येकाने तीन गोष्टी लिहून द्याव्यात: कोणती मुले, कोणता पाठ, कोणत्या दिवशी. दहा दिवसांनी त्याच प्रकारची, पण वेगळ्या आकड्यांची तीन उदाहरणे द्यावीत, जसे ६०४ वजा ३५९. पुन्हा तीच चूक दिसली, तर पाठ बदलायचा. पुढच्या बैठकीत याच पत्रिका आधी उघडाव्यात.