कोलाय गेल्सिन : काम करणाऱ्याला म्हणायचे दोन शब्द

'कोलाय गेल्सिन' हे दोन तुर्की शब्द काम करत असलेल्या माणसाला उद्देशून म्हणतात. 'कोलाय' म्हणजे सोपे आणि 'गेल्सिन' म्हणजे येवो. मराठीत 'यश येवो', 'भलं होवो' यांतला शेवटचा 'ओ' जे काम करतो, तेच तुर्कीत 'सिन' हा प्रत्यय करतो. हातातले काम सोपे जावो, त्रास न होता पार पडो, एवढीच ती इच्छा.

इस्तंबूलमध्ये शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरते तेव्हा शिंपी मशीनवर वाकलेला असेल, तर तोंडातून आधी हेच शब्द निघतात आणि मग कामाचे बोलणे सुरू होते. शिंपी मान वर करून 'सा ओलुन' म्हणतो, म्हणजे 'धन्यवाद'. शब्दशः 'तुम्ही खुशाल असा'. रस्ता झाडणारा, भिंत रंगवणारा, औषधांच्या दुकानातला विक्रेता, टपाल कचेरीतला कारकून, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, यांपैकी कोणालाही ते चालतात. ओळख असायला हवी असे नाही. नुसते शेजारून जाताना म्हटले तरी पुरते आणि निघताना निरोप म्हणूनही म्हणतात.

या शब्दांचा सगळ्यात मोठा गुण त्यांच्या व्याकरणात आहे. तुर्कीतही मराठीसारखा 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे. 'सेन' आणि 'सिझ'. धन्यवाद देतानाही 'सा ओल' की 'सा ओलुन' हे ठरवावे लागते. 'कोलाय गेल्सिन'मध्ये मात्र समोरचा माणूस कर्ता म्हणून येतच नाही. येणार आहे ते काम, तेही सोपे होऊन. त्यामुळे साहेबाने शिपायाला आणि शिपायाने साहेबाला अगदी तेच शब्द म्हणता येतात. कोणाचा मान कमी होत नाही आणि कोणी अंगचटीलाही येत नाही.

मर्यादा एकच, पण ती पक्की आहे : काम चालू असले पाहिजे किंवा आता सुरू व्हायचे असले पाहिजे. ताटे वाढून झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंना 'कोलाय गेल्सिन' म्हटले तर चुकलेच. तिथे 'एलिनिझे साऽलक', म्हणजे 'तुमच्या हातांना आरोग्य लाभो', हेच हवे. दुकानदाराला 'हायरली इश्लेर', म्हणजे बरकतीचा धंदा होवो, असेही म्हणतात. गळ टाकून बसलेल्या मासेमाराला 'रास्तगेले', म्हणजे नेमके गळाला लागो. आजाऱ्यासाठी 'गेच्मिश ओल्सुन' हे वेगळेच बोल आहेत.

मराठीत याच्या जागी काय येईल? 'काम सोपं जावो' हे व्याकरणाला धरून आहे, पण तसे कोणी बोलत नाही. परीक्षेला निघालेल्या मुलाला 'पेपर सोपा जाऊ दे' म्हणतात, तेवढीच काय ती जवळची जागा. एरवी मराठी माणूस अशा वेळी इच्छा व्यक्त करत नाही, तो डोळ्यांसमोर दिसते तेच विचारतो. 'काय मावशी, भाजी निवडताय का?' 'पेरणी चाललीय वाटतं?' उत्तर प्रश्नातच असते. विचारण्याचा हेतू दखल घेण्याचा असतो. निघताना 'चला, चालू द्या तुमचं' येते. भाव तोच, पण इथे 'दे' की 'द्या' हे ठरवावेच लागते आणि अनोळखी माणसाशी 'दादा', 'मावशी', 'काका' असे नाते जोडल्याशिवाय बहुधा जीभ वळत नाही.

इंग्रजीतही असा एकच बोल नाही. 'डोन्ट वर्क टू हार्ड' हे सहकाऱ्याला थट्टेने म्हणायचे. रस्ता झाडणाऱ्याला ते खुपेल. 'कीप अप द गुड वर्क'मध्ये वरिष्ठाचा सूर लागतो. सगळ्यात सहज म्हणजे 'आय विल लेट यू गेट ऑन', म्हणजे तुम्हाला तुमचे काम करू देतो. अपवाद आयर्लंडचा. तिथे आयरिश भाषेतून उतरलेले 'गॉड ब्लेस द वर्क' काम करणाऱ्याला म्हणायची रीत आहे आणि अर्थाने ते तुर्कीच्या बरेच जवळ जाते.

म्हणून तुर्की कथेचा अनुवाद करताना एकच ठरीव शब्द शोधू नये. समजा, संध्याकाळी ऑफिसमधून निघताना एक जण अजून टेबलाशी बसलेल्या मैत्रिणीला 'कोलाय गेल्सिन' म्हणतो. मराठीत तो म्हणेल, 'चल, निघतो मी. तूही लवकर आटप.' सकाळी तोच माणूस रस्ता झाडणाऱ्याला तेच म्हणत असेल, तर 'चालू द्या, दादा' बरे. ग्रंथालयात पुस्तकात डोके घातलेल्या मुलीला 'अभ्यास चालू दे' पुरे. तुर्कीतल्या एका बोलाची मराठीत तीन वाक्ये होतात आणि ती तशीच होऊ द्यावीत. तुर्कस्तानात जाणाऱ्या वाचकाने मात्र मूळ शब्दच वापरावेत : दुकानात वा कचेरीत कोणी कामात दिसले, की आधी 'कोलाय गेल्सिन' म्हणावे आणि मग आपले काम सांगावे.