दहा हजार फॉलोअर्सची हमी मागणाऱ्याला लिहिलेलं पत्र

फेब्रुवारी सरत आला की कोकणातल्या आंबा बागायतदारांची लगबग सुरू होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची इन्स्टाग्राम खाती सांभाळणाऱ्या छोट्या एजन्सींचीही. याच दिवसांत एक मागणी हमखास येते: एका महिन्यात दहा हजार फॉलोअर्स करून द्या, आणि तशी हमी लेखी द्या. ही मागणी नाकारणारं पत्र कसं लिहावं, हे पाहण्यासाठी एक प्रकरण घेऊ. त्यातले आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण अशी मागणी आणि त्यामागची घाई अगदी खरी असते.

देवगडकडचे एक बागायतदार आहेत. आंबा वाशीच्या बाजारात न पाठवता थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोहोचवावा, अशी त्यांची धडपड आहे. खात्यावर ८५० फॉलोअर्स आहेत. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या विक्रेत्याच्या खात्यावर बारा हजार दिसतात, आणि तो आकडा त्यांना झोपू देत नाही. हंगाम मार्च ते मे, म्हणजे थांबायला वेळ नाही. त्यांनी एजन्सीला निरोप पाठवला: महिन्यात दहा हजारांची हमी देत असाल तर काम तुमचं.

अशा वेळी फोनवर ‘बघू, प्रयत्न करतो’ म्हणून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. ग्राहक तो होकार समजतो आणि एप्रिलच्या शेवटी त्याच वाक्यावरून भांडण होतं. म्हणून नकार लेखी हवा, आणि तो पत्राच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांतच यायला हवा. दोन परिच्छेद गोड बोलून मग ‘परंतु’ लिहिण्यात समोरच्याचा मान राहत नाही, त्याचा वेळ मात्र जातो. एजन्सीच्या पत्राची सुरुवात अशी करता येईल:

“सप्रेम नमस्कार. या हंगामाचं काम आम्हाला द्यावं असं आपल्या मनात आलं, याबद्दल आभारी आहोत. महिन्याभरात दहा हजार फॉलोअर्सची हमी मात्र आम्ही देऊ शकत नाही. एखाद्यानं आपलं खातं फॉलो करायचं की नाही, हे तो माणूस ठरवतो. आमच्या हातात जे आहे त्याची हमी पुढे दिली आहे, ती कृपया पाहावी.”

यावर ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: मग दुसरा एक जण हमी देतोय तो कशाच्या जोरावर? या प्रश्नाचं उत्तर पत्रात टाळलं तर नकार म्हणजे एजन्सीची असमर्थता, असाच अर्थ निघतो.

हमी देता येते, कारण फॉलोअर्स विकत मिळतात. धंद्यात ज्यांना ‘पॅनल’ म्हणतात अशा वेबसाइटवर खात्याचं नाव टाकायचं, आकडा निवडायचा आणि पैसे भरायचे. काही तासांत संख्या चढू लागते. तिथे ‘नॉन-ड्रॉप’ आणि ‘३० दिवस रिफिल’ असे शब्द दिसतात. खोटी खाती इन्स्टाग्राम वेळोवेळी काढून टाकतं. तेव्हा गळालेल्या आकड्यांच्या जागी तीस दिवसांपर्यंत नवे आकडे भरून दिले जातात, त्याला रिफिल म्हणतात. बाजारातली ‘एका महिन्याची हमी’ पुष्कळदा हीच असते. एकतिसाव्या दिवसानंतर जे गळतं ते ग्राहकाचं नुकसान.

ही खाती येतात कुठून? काही यंत्रानं तयार केलेली असतात. काही खऱ्या माणसांची असतात, पण ‘फुकट फॉलोअर्स’ देणाऱ्या एखाद्या ॲपला त्यांनी आपला पासवर्ड दिलेला असतो आणि त्यांच्या नकळत त्यांचं खातं भलत्याच लोकांना फॉलो करत सुटतं. दोन्ही प्रकारांत पलीकडे आंबा घेणारा कोणी नसतो.

हे नुसतं नियमांचं किरकोळ उल्लंघन नव्हे. अमेरिकेत देवुमी नावाची कंपनी असे फॉलोअर्स विकत होती. २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तिचा व्यवहार उघड केला आणि २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत तिच्या मालकाविरुद्ध २५ लाख डॉलरचा आदेश निघाला. आपल्याकडे २०२० च्या जुलैमध्ये एका पार्श्वगायिकेच्या नावानं बनावट खातं निघाल्याच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी तपास केला, तेव्हा खोटे फॉलोअर्स विकण्याचं प्रकरण बाहेर आलं आणि अटक झाली.

तरी माझ्या मते पत्रात कायद्याची भीती पुढे करू नये. बागायतदाराला पोलीस दाखवून पटत नाही. त्याला त्याच्या मालाचा हिशेब दाखवला की पटतं, आणि इथे तो हिशेब स्पष्ट आहे.

आज त्यांच्या फोटोला ८५० फॉलोअर्सपैकी चाळीस जण दाद देतात, म्हणजे हजारी साधारण सत्तेचाळीस. विकतचे ९,१५० आणून दहा हजार केले तरी दाद देणारे चाळीसच राहणार, म्हणजे हजारी चार. आता इन्स्टाग्रामची रीत लक्षात घ्या. नवी पोस्ट सगळ्या फॉलोअर्सना सारखी दिसत नाही. ती ज्यांना दिसली ते थांबले का, त्यांनी ती दुसऱ्याला पाठवली का, काही लिहिलं का, यावरून ती पुढे किती जणांना दाखवायची हे ठरतं. हिशेबापुरतं धरू की पोस्ट सुरुवातीला ३०० फॉलोअर्सपर्यंत जाते. पूर्वी ते तीनशेही खरे होते. आता त्यांतले जेमतेम पंचवीस-सव्वीस खरे, बाकीच्यांकडून काहीच हालचाल नाही. पोस्ट तिथेच थांबते. ज्या ठाण्याच्या ताईंनी गेल्या वर्षी दोन पेट्या घेतल्या, त्यांना यंदाचा आंबा निघाल्याचं दिसतच नाही.

दुसरं नुकसान पुढे जाहिरात करताना होतं. ‘माझ्या खात्याशी जोडलेल्यांसारखे लोक शोध’ असं मेटाच्या जाहिरात यंत्रणेला सांगता येतं. त्या जोडलेल्यांतले बहुतेक नकली असतील तर यंत्रणा भलत्यांच्याच मागे जाते आणि पैसे खरे खर्च होतात. नकली फॉलोअर्स वेगळे काढणंही सोपं नाही.

हा घोळ ओळखायला एजन्सी लागत नाही. खात्याच्या ‘इनसाइट्स’मध्ये फॉलोअर्सची शहरं दिसतात. पुणे, ठाणे, डोंबिवलीच्या वर जिथे आपली पेटी कधीच जाणार नाही अशी परदेशी शहरं दिसली, किंवा एखादी रील गाजलेली नसताना एकाच दिवशी आलेख सरळ उभा चढला, तर समजावं. शेजारच्या विक्रेत्याचे इनसाइट्स पाहता येत नाहीत, पण त्याच्या फॉलोअर्सची यादी उघडता येते. फोटो नाही, एकही पोस्ट नाही, नावापुढे आकड्यांची शेपटी आणि स्वतः हजारोंना फॉलो करणारी खाती ओळीनं दिसली की त्या बारा हजारांची धास्ती वाटायचं कारण उरत नाही.

आता पत्राचा खरा भाग. ‘नाही’ म्हणून एजन्सी थांबली तर बागायतदाराची अडचण तशीच राहते, कारण त्याची घाई खरी आहे. माल झाडावर आहे. म्हणून त्याला काय हवंय हे त्याच्याच वहीतून काढून पत्रात मांडावं:

“थेट ग्राहकांना विकायच्या पेट्या आपण ३०० सांगितल्या. जुन्या १२० ग्राहकांचे नंबर आपल्याकडे आहेत. त्यांतल्या ८० जणांनी एकेक पेटी घेतली तर २२० उरतात. आपल्या वहीप्रमाणे गेल्या हंगामात चौकशी करणाऱ्या दहांपैकी तिघांनी पेटी घेतली. म्हणजे आपल्याला सुमारे साडेसातशे चौकशा हव्यात, आणि त्याही पेटी जिथे पोहोचू शकते त्याच शहरांतून.”

दहा हजारांचा आकडा इथे आपोआप बाजूला पडतो. यापुढे एजन्सी हमी देते ती आपल्या कामाची. महिन्यात बारा रील: झेल्यानं देठासकट आंबा उतरवणं, आढी लावणं, पेटी भरणं, आणि साका कसा असतो हे आंबा कापून दाखवणं. ही शेवटची रील मी तरी पहिल्या आठवड्यातच घेईन. साक्याबद्दल ग्राहक विचारतातच, आणि तसा आंबा निघाला तर बदलून देणार का, हे मालकानं स्वतः कॅमेऱ्यापुढे सांगितलं की पुढची निम्मी बोलणी वाचतात. सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळात आलेल्या प्रत्येक चौकशीला दोन तासांत उत्तर. जुन्या ग्राहकांना पेटी निघण्याआधी निरोप. आणि थेट व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू करणारी जाहिरात, ठरावीक शहरांपुरती, पंधरा हजार रुपयांची.

पंधरा हजारांत साडेसातशे चौकशा म्हणजे एका चौकशीला वीस रुपये. हा दर पडेलच असं पत्रात कुठेही लिहू नये. त्याऐवजी पहिल्या आठवड्याची कसोटी लिहावी: साडेतीन हजार खर्चून १७५ च्या आसपास चौकशा आल्या तर पुढे चालू. शंभरच आल्या तर एक चौकशी पस्तीस रुपयांना पडली. मग जाहिरातीचं चित्र किंवा शहर बदलून आणखी एक आठवडा पाहायचं. तरीही दर उतरला नाही तर उरलेल्या पैशांत किती पेट्या जातील ते मान्य करून बाकीचा माल वेळेत बाजारात लावायचा. आंबा थांबत नाही, म्हणून हा निर्णय दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी व्हायलाच हवा, आणि त्याची तारीख पत्रात असावी.

दर सोमवारच्या अहवालात तीनच गोष्टी असाव्यात: चौकशा किती, पेट्या किती, एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च किती. फॉलोअर्सचा आकडा शेवटी एका ओळीत द्यायला हरकत नाही. तो वाढतोही. पण या कामात तो शेकड्यांनी वाढला तरी चांगलं म्हणायचं, आणि हेही आधीच लिहून द्यावं.

पैशांचा व्यवहार पत्रात उघडा असावा. जाहिरात खातं बागायतदाराच्या नावावर, कार्डही त्याचंच. म्हणजे रुपया कुठे गेला हे त्याला मोबाइलवर दिसतं आणि एजन्सीची फी वेगळी राहते.

इतकं समजावूनही काही ग्राहक आकड्यावरच अडून बसतात. त्यांच्यासाठी पत्राच्या शेवटी हे लिहून ठेवावं:

“आपला निर्णय शनिवारपर्यंत कळवावा, म्हणजे पहिल्या तोडीच्या आधी चित्रण करता येईल. दुसरीकडे काम द्यायचं ठरवलंत तरी आतापर्यंतचे फोटो आणि खात्याचे सर्व हक्क आम्ही आपल्याकडे सोपवू. फक्त एक विनंती आहे. फॉलोअर्स वाढवून देतो म्हणून जो कोणी खात्याचा पासवर्ड मागेल, त्याला तो देऊ नका. खातं हातचं गेलं तर जुन्या ग्राहकांचे तिथले सगळे निरोपही जातील. त्यांचे नंबर आजच वहीत उतरवून ठेवा.”