सातबाऱ्याचा फोटो आला आहे

माझी भाची बेंगळुरूत वाढली. मराठी घरात बोलते, पण वाचताना अडखळते. मागच्या महिन्यात तिच्या मामेभावाने साताऱ्याकडच्या शेताच्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला आणि तिने तो मला पुढे ढकलला. ‘‘मावशी, यात काय लिहिलंय ते साध्या भाषेत सांग. आईचं नाव दिसतंय, पण तिच्या वाट्याला किती आलं ते कुठेच नाही. आणि एकर कुठे आहेत?’’

कागद चारपाईवर ठेवून, तिरक्या उजेडात टिपलेला. उजवीकडची कड कापली गेलेली. सातबाऱ्याच्या फोटोत उजवी कड जाणं हा सगळ्यात महागात पडणारा दोष, पण ते पुढे सांगते.

वरती ‘गाव नमुना सात, अधिकार अभिलेख पत्रक’ आणि खाली ‘गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही’ असं छापलेलं होतं. महसुली दप्तरात गावाच्या नोंदवह्यांना क्रमांक आहेत. सातव्या वहीत जमीन कोणाकडे आहे ते असतं आणि बाराव्यात कोणत्या हंगामात काय पेरलं ते. दोन्ही एका कागदावर मिळतात, म्हणून सातबारा.

त्याखाली गट क्रमांक होता, २१४/२. हा जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक. तो माणसाचा किंवा खात्याचा क्रमांक नव्हे. पूर्वी मोजणीच्या वेळी दिलेले सर्व्हे नंबर होते. पुढे १९४७च्या कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झालं, तिथे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले गेले आणि नवे क्रमांक आले. त्यामुळे आजोबांच्या जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर एक आणि आजच्या उताऱ्यावर गट नंबर वेगळाच, असं सर्रास दिसतं. तिरक्या रेघेनंतरचा २ म्हणजे त्या गटाचा दुसरा हिस्सा. फोटोत हा २ सुटला, तर आपण शेजाऱ्याचं शेत वाचत बसतो.

क्षेत्राचा रकाना डावीकडे होता. ‘लागवडयोग्य १.०५.००, पोटखराबा ०.०८.००, एकूण १.१३.००.’ भाचीने आधीच हिशेब केला होता. १.०५ म्हणजे सव्वा हेक्टरपेक्षा कमी की दीड, यावर घरात वाद झाला म्हणे, आणि जावयांनी दीड धरला. इथे बहुतेक जण फसतात, कारण ती टिंबं दशांशाची नाहीत. पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. शंभर चौरस मीटरचा एक आर आणि शंभर आरचा एक हेक्टर. म्हणून १.०५.०० म्हणजे एक हेक्टर पाच आर, १०,५०० चौरस मीटर.

एकर आणि गुंठे तिला हवे होते, कारण तिच्या सासरच्या कर्नाटकातल्या पहाणीत जमीन एकर-गुंठ्यांतच लिहिलेली असते. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, गुंठा किंचित मोठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. एकशे पाच आरचे होतात सुमारे १०४ गुंठे, म्हणजे दोन एकर चोवीस गुंठे. दीड हेक्टर धरला असता, तर तीन एकर अठ्ठावीस गुंठे आले असते. एका टिंबापायी एकराहून जास्त जमीन कागदावर उगवली होती.

पोटखराबा म्हणजे गटात असूनही पिकाखाली न धरलेली जागा. त्यात खडक, नाला असेल तर वर्ग अ आणि रस्ता, पायवाट, तलाव अशी सार्वजनिक वापराची जागा असेल तर वर्ग ब. विकताना हा फरक मोठा ठरतो. जवळच ‘आकारणी ३.४२’ असा आकडा होता. ही सरकारी शेतसाऱ्याची रक्कम, रुपये-पैशांत. तिचा जमिनीच्या किमतीशी काही संबंध नाही.

आता नावं. आजोबांच्या नावावर आडवी रेघ होती. जुन्या हस्तलिखित उताऱ्यात अशा नावाला कंस करत, म्हणून गावात ‘नावाला कंस झाला’ असं अजूनही म्हणतात. अर्थ एकच, ते नाव आता चालू नाही. रेघेखाली एकाच खाते क्रमांकापुढे आजी, दोन मामा आणि दोन मुली, अशी पाच नावं होती. क्षेत्र मात्र एकदाच, सगळ्यांचं मिळून. ‘‘मग आईचा वाटा?’’ भाचीचा प्रश्न रास्त होता. सामाईक खात्यावर सातबारा कोणाचा किती हिस्सा ते सांगत नाही. वारसा कायद्याने हिस्सा ठरतो आणि वाटप झाल्यावरच तो वेगळ्या आकड्याने उमटतो. नावांचा क्रमही हक्काचा क्रम नाही. ‘भोगवटादार वर्ग १’ असं वर छापलं होतं, ते पाहून मला हायसं वाटलं. वर्ग २ असता, तर जमीन हस्तांतरित करण्यावर बंधनं असती आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागली असती.

प्रत्येक नावापुढे एक फेरफार क्रमांक असतो. नाव का आलं किंवा का गेलं, ते गाव नमुना ६ मधल्या त्या क्रमांकाच्या नोंदीत वाचायला मिळतं. शंका आली की आधी ती नोंद मागवावी. सातबारा मालकीचा अंतिम पुरावा नाही. उलट सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी धरतात, एवढंच कायदा म्हणतो.

मग ती कापलेली उजवी कड. रकान्याचं नाव ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. फोटोत ‘सोसायटी’ आणि ‘बोजा’ एवढंच दिसत होतं, रक्कम नाही. भाचीला बोजा म्हणजे नुसतं ओझं वाटलं. ओझंच आहे, पण जमिनीवरचं. या जमिनीच्या तारणावर पैसे घेतले आहेत आणि ते फिटेपर्यंत देणाऱ्याचा हक्क तिच्यावर आहे, असा त्याचा अर्थ. याच रकान्यात कुळाची नावं, वाटेचा हक्क, कूळ कायद्याच्या कलम ४३चं बंधन, पुनर्वसनासाठीचे शेरे, शेवटचा फेरफार आणि प्रलंबित फेरफारही येतात. जमीन घेणारा माणूस उतारा वाचायला घेतो तो इथूनच.

फोटोवर विसंबू नकोस, असं मी तिला सांगितलं. digitalsatbara.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो. तिने जिल्हा, तालुका, गाव, गट निवडून त्याच संध्याकाळी तो काढला. उजवा रकाना पूर्ण आला. गावच्या विकास सोसायटीचा ६०,००० रुपयांचा बोजा, आजोबांच्या नावाने.

मामांना फोन केला. कर्ज तर आजोबा असतानाच फिटलं होतं, पावत्या ट्रंकेत आहेत, म्हणाले. असं फार होतं. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्यावा लागतो. त्यावर गट क्रमांक आणि कर्जदाराचं नाव उताऱ्याप्रमाणेच हवं. मग तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज. फेरफाराची नोंद धरली जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात आणि त्यानंतर बोज्यावर रेघ पडते. हे करायच्या आधी वाटप झालं असतं, तर तोच फिटलेला बोजा पाचही नव्या उताऱ्यांवर उतरला असता आणि पाच जणांना वेगवेगळे हेलपाटे पडले असते.

मामा दुसऱ्याच दिवशी पावत्या घेऊन सोसायटीत गेले. परवा भाचीने नवा उतारा काढून पाठवला, या वेळी फोटो नव्हे, मूळ फाईल. बोजा अजून तसाच आहे, पण खाली ‘प्रलंबित फेरफार’पुढे एक क्रमांक आला आहे. तिने तो आकडा स्वतः वाचला आणि मला वाचून दाखवला.