आधी उतरवा, मग सोडवा

स्क्रीनशॉटमधलं सुडोकू सोडवण्याआधी ते अक्षरांत उतरवावं: रिकाम्या घराला टिंब, एका ओळीत नऊ चिन्हं. एका कोड्याच्या वरच्या तीन ओळी अशा:

```
53..7....
6..195...
.98....6.
```

दुसऱ्या ओळीतला धूसर ६ चुकून ८ वाचला, तर त्याच चौकटीत खाली ८ आहेच. चूक लगेच सापडते. घर सरकलं तर मात्र पंचाईत. पहिल्या ओळीतला ३ एक घर उजवीकडे गेला, तरी इथे कोणताही आकडा दोनदा येत नाही. म्हणून आडव्या ओळींसोबत उभ्या रांगांतले आकडेही मोजून चित्राशी ताडावेत. चित्रात दुसऱ्या रांगेत वरच्या तीन घरांत दोन आकडे आहेत, उताऱ्यात एकच उरतो. हा कंटाळवाणा हिशेब टाळला, तर चूक बहुधा कोडं अर्धं सुटल्यावर कळते.