चिठ्ठ्यांमधलं बोलणं: सर्वेक्षणातल्या मोकळ्या उत्तरांचं काय करायचं?

आज आपण सर्वेक्षणाच्या एका रकान्याबद्दल बोलणार आहोत. हो-नाही, वय, बचतीची रक्कम असे रकाने मोजायला सोपे असतात. पण शेवटी एक रकाना असतो, ‘तुमच्या शब्दांत सांगा’. त्यात बाई जे बोलली ते जसंच्या तसं लिहिलेलं असतं. अशी भरलेली शीट एक दिवस ग्रामसंघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. सोबत एक ओळही नसते. थोडक्यात सांगायचंय, आकडे काढायचेत की बायकांचं म्हणणं तसंच वाचून दाखवायचंय, हे कुणी लिहिलेलं नसतं. आणि चार दिवसांवर मासिक बैठक असते.

पहिलं काम म्हणजे शीट पाठवणाऱ्या ताईंना फोन करणं. विचारायचं एकच: हे कोण वाचणार आणि त्यावरून काय ठरवणार? पुष्कळदा एवढ्यानंच वाट सापडते. फोन लागला नाही, किंवा “बघा तुम्हीच काहीतरी” असं उत्तर आलं, तर काय करायचं ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी घेतलेत, पण असं गावोगाव घडतं.

समजा आपल्या ग्रामसंघात १२ गट आहेत. बैठक दर गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता असते. नियमित बैठक ही पंचसूत्रीतली पहिलीच गोष्ट, पण हजेरी कमी होत चाललीय. म्हणून ज्या ४८ जणी तीन महिन्यांत निम्म्याहून कमी बैठकांना आल्या, त्यांना सीआरपी ताईंनी घरी जाऊन विचारलं, “बैठकीला येणं का जमत नाही?” उत्तरं मोबाईलमध्ये भरली गेली आणि शीट आली.

आता शीट उघडली की लगेच मोजायला बसू नका. आधी सगळी उत्तरं एकदा नुसती वाचून काढा. ४८ उत्तरं वाचायला अर्धा तास पुरतो. मग प्रत्येक उत्तर एका चिठ्ठीवर लिहा आणि कोपऱ्यात शीटमधल्या ओळीचा नंबर टाका. एका बाईनं दोन कारणं सांगितली असतील तर दोन चिठ्ठ्या करा, पण दोन्हींवर नंबर तोच ठेवा. या नंबराचं काम पुढे येणार आहे. मग जमिनीवर चिठ्ठ्या पसरा आणि सारख्या अर्थाच्या एका गठ्ठ्यात लावा. गठ्ठ्याला नाव देताना ‘सामाजिक अडचण’ असं कार्यालयी नाव देऊ नका. ‘घरचे जाऊ देत नाहीत’ असं बायकांच्या बोलण्यातलंच नाव द्या. म्हणजे वाचणारीला अर्थ विचारावा लागत नाही.

आपल्या उदाहरणात ५ जणींची जागा कोरी होती, म्हणजे उत्तरं मिळाली ४३. गठ्ठे असे पडले: वेळेची अडचण १९, वाट लांब आणि अंधाराची ९, हप्ता थकलाय म्हणून येत नाही ८, बैठकीत आमचं कुणी ऐकत नाही ७, घरचे जाऊ देत नाहीत ६ आणि इतर ३. बेरीज ५२ येते. कुणीतरी लगेच म्हणेल, हिशोब चुकला, उत्तरं तर ४३ आहेत! हिशोब बरोबर आहे. ९ जणींनी दोन-दोन कारणं सांगितली, म्हणून चिठ्ठ्या ९ जास्त झाल्या. ही ओळ कागदावर लिहून ठेवा, नाहीतर बैठक त्या वादातच संपेल.

आता समजा आपण फक्त आकडे दिले. बैठकीत वाचलं जाईल, “वेळेची अडचण सगळ्यात जास्त, १९.” अध्यक्षाताई म्हणतील, मग बैठक रात्री ८ ला घेऊ. ठराव झाला, सही झाली. आता यात काय बिघडलं ते बघा.

तो १९ चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुन्हा उघडला तर त्यात दोन प्रकार निघतात. ११ जणींनी नेमकं सांगितलंय की मजुरीवरून घरी यायलाच सात वाजतात, किंवा सहाच्या सुमाराला धारा काढायच्या असतात. उरलेल्या ८ चिठ्ठ्यांवर दोनच शब्द आहेत, ‘वेळ नाही’. बाकीच्या बायका एवढं बोलल्या आणि या आठ जणी दोनच शब्द कशा बोलल्या? इथे शीटमधला दुसरा रकाना बघायचा, उत्तर कोणी भरलं तो. आठपैकी सहा उत्तरं एकाच सीआरपी ताईंनी भरलेली निघाली, तर ते शब्द बहुतेक बायकांचे नाहीत. घाईत भरताना त्या ताईंनी केलेला तो संक्षेप आहे. ते ‘बायकांचं मत’ म्हणून मोजता येत नाही. त्या आठ घरी पुन्हा जाऊन विचारावं लागेल. तोवर ‘कारण स्पष्ट नाही, ८’ असं वेगळं लिहायचं.

दुसरी गोष्ट अंधाराच्या गठ्ठ्यात आहे. ९ जणी म्हणतात की वस्तीवरून यायची वाट लांब आहे आणि दिवा नाही. बैठक ८ ला नेली तर या नऊ जणींची वाट आणखी अवघड होणार. आणि चिठ्ठ्यांवरचे नंबर जुळवले की आणखी एक कळतं: मजुरीवरून उशीर होतो असं सांगणाऱ्या ११ जणींपैकी ४ जणींनी अंधाराचंही सांगितलंय. म्हणजे वेळ बदलून ज्यांची सोय करायची, त्यांतल्याच चौघी रात्री येऊ शकणार नाहीत. नुसत्या बेरजेत हे दिसत नाही. कारणं एकमेकांत कशी अडकलीत ते शब्दांत सांगावं लागतं, आणि सारांशाचं काम तेच. सारांश वाचल्यावर बैठकीत प्रश्नच वेगळा निघतो: रविवारी दुपारी बसायचं का, की महिन्यातली एक बैठक वस्तीवर घ्यायची?

मोकळ्या उत्तरांच्या आकड्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘हप्ता थकलाय’ असं ८ जणींनी सांगितलं, याचा अर्थ बाकीच्यांचे हप्ते थकलेले नाहीत असा होत नाही. आपण हप्त्याबद्दल विचारलंच नव्हतं. आठ जणींनी ते आपणहून सांगितलं, एवढंच. लाजेनं न सांगणाऱ्या वेगळ्याच. म्हणून ‘८ जणींनी आपणहून सांगितलं’ असं लिहा. ‘इतके टक्के बायकांना हप्त्याची अडचण’ असं लिहू नका. आणि कोऱ्या ५ जागांचा अर्थ ‘अडचण नाही’ असाही लावू नका.

आता बायकांच्या तोंडच्या शब्दांकडे येऊ. ‘बैठकीत आमचं कुणी ऐकत नाही’ या गठ्ठ्याचं नुसतं नाव वाचलं तर ती तक्रार वाटते आणि सोडून दिली जाते. पण त्यातलीच एक चिठ्ठी वाचली, “मी बोलायला लागले की रजिस्टर लिहायचं काम सुरू होतं”, तर ऐकणारीला नेमकं काय बदलायचं ते कळतं. असं एखादं वाक्य प्रत्येक गठ्ठ्याला पुरे. निवडताना सगळ्यात झणझणीत वाक्य घेऊ नका. त्या गठ्ठ्यातल्या बऱ्याच जणींचं म्हणणं ज्यात येतं ते घ्या. भाषा सुधारू नका. आणि चिठ्ठीवर ‘आर्थिक अडचण’ असं लिहिलेलं असेल तर ते अवतरणचिन्हात टाकू नका. तसं कुठलीच बाई बोलत नाही, ते भरणाऱ्याचे शब्द आहेत.

सगळ्यात जपायचं ते इथे. ‘इतर’मधल्या तीन चिठ्ठ्यांपैकी एकीवर समजा असं आहे: “थकलेल्यांची नावं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात, म्हणून मी जात नाही.” संख्या फक्त एक. आकड्यांत ती हरवून जाईल, पण हप्ता थकलेल्या आठ जणी का येत नाहीत याचं उत्तर कदाचित तिच्यातच आहे. म्हणून ती बैठकीपुढे आली पाहिजे. पण जशीच्या तशी वाचली तर कुठल्या गटात नावं वाचली जातात हे सगळ्या गावाला माहीत असतं, आणि बोलणारी कोण ते लगेच ओळखलं जाईल. नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं गावात होत नाही. वस्ती, गट, सासरा, दुकान, एवढ्यावरूनही कळतं. अशा वेळी वाक्य न देता आपल्या शब्दांत लिहायचं: ‘थकबाकीची नावं जाहीर वाचण्याची पद्धत सगळ्याच गटांनी तपासावी.’ मुद्दा पोचतो आणि बाई सुरक्षित राहते. शब्द जसेच्या तसे द्यायचेच असतील तर आधी तिला विचारा.

मग सूचना नसेल तर यातलं निवडायचं काय? वाचणारी कोण ते पाहा. वेळ ठरवणाऱ्या बैठकीला आधी सारांश लागतो आणि त्याला टेकू म्हणून आकडे. ग्रामपंचायतीकडे वाटेवरच्या दिव्यांसाठी अर्ज करायचा असेल तर ‘नऊ जणींनी न विचारता सांगितलं’ हा आकडा वर यावा आणि खाली एक-दोन वाक्यं. सीआरपी ताईंच्या प्रशिक्षणाला मात्र बायकांची वाक्यंच जास्त उपयोगी. आणि काहीच माहीत नसेल तर अर्धं पान असं लिहा:

‘विचारलेल्या ४८, उत्तर दिलेल्या ४३. काहींनी दोन कारणं सांगितली. कामावरून उशीर होतो, ११; वाट लांब आणि अंधार, ९; यांत ४ जणी दोन्हींकडे आहेत, म्हणून बैठक उशिरा घेतल्यानं प्रश्न सुटणार नाही. हप्ता थकला, ८. ऐकत नाहीत, ७. घरचे जाऊ देत नाहीत, ६. इतर, ३. कारण स्पष्ट नाही, ८; पुन्हा विचारणार.’ मग प्रत्येक कारणाखाली एक वाक्य, आणि संख्येनं लहान पण वजनानं मोठा असा मुद्दा वेगळा.

वरती एक ओळ जरूर टाका: ‘बैठकीची वेळ ठरवायची आहे असं धरून हे लिहिलं आहे. दुसऱ्या कामासाठी हवं असेल तर सांगा.’ ही ओळ वाचून पाठवणाऱ्या ताई म्हणू शकतात, “अहो, मला तर फक्त दिव्यांच्या अर्जासाठी हवं होतं.” तेव्हा सगळं नव्यानं करावं लागत नाही. गठ्ठे रबर लावून ठेवलेले असले की दहा मिनिटांत दुसरा कागद तयार होतो.

कागद पाठवण्याआधी एक तपासणी करा. गटातल्या दुसऱ्या एखाद्या ताईला कुठल्याही दहा चिठ्ठ्या द्या, तुमच्या गठ्ठ्यांची नावं सांगा आणि तिला लावायला सांगा. एखादी चिठ्ठी तिनं वेगळ्या गठ्ठ्यात टाकली तर वाद घालू नका, त्या चिठ्ठीवर दोघी बोला. चार-पाच चिठ्ठ्या वेगळ्या पडल्या तर गठ्ठ्यांची नावंच धूसर आहेत असं समजा. नावं बदला, पुन्हा लावा आणि मगच आकडा लिहा.