रास ओलांडून मोजायची ताडपत्री

अफजलपूर तालुक्यात तुरीची मळणी डिसेंबरात सुरू होते आणि मागास पेरणीच्या राशी फेब्रुवारीपर्यंत शेतात पडून असतात. भीमाकाठचा उसाचा पट्टा वगळला तर या भागाचं वर्षाचं गणित तुरीवर चालतं. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. मळणी झाली की माल लगेच विकला जात नाही. भाव पाहायचा असतो, खरेदी केंद्राचा नंबर लागायचा असतो, गाडी मिळायची असते. तोवर रास किंवा कट्ट्यांची थप्पी ताडपत्रीखाली राहते. ताडपत्री घेताना मात्र बहुतेक जण जमीन मोजतात: रास पंधरा फुटांत बसली, मग अठरा फुटांची पुरे. माझं म्हणणं असं की इथे जमीन मोजणं हेच मुळात चूक आहे. मोजायची ती रास, आणि तीही एका बाजूच्या जमिनीपासून वर चढून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत. त्यासाठी एक सुतळी पुरते. ती राशीवरून आडवी टाकायची, दोन्ही टोकं जमिनीला टेकवायची, ताणून मोजायची. मग उभ्या दिशेने तसंच. आलेल्या मापात दोन्हीकडचा दाब मिळवला की ताडपत्रीचं माप निघतं.

मोकळी रास घेऊ. सुकी तूर ओतली की तिचा उतार आपोआप ठरतो. मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्मी उंची ती धरते. जमिनीवर पंधरा फूट रुंद असलेली गोल रास त्यामुळे पावणेचार फूट उंच होते आणि तिच्यात सुमारे ५० क्विंटल तूर बसते. सुतळी तिच्यावरून टाकली तर सतरा फुटांच्या आत भरते. म्हणजे उतारामुळे वाढ झाली ती जेमतेम दोन फुटांची. जमीन मोजणाऱ्याला इथे वाटेल की आपलं फारसं चुकलं नव्हतं. पण मग दाब आहे. राशीच्या पायथ्यापासून पुढे निदान तीन फूट ताडपत्री जमिनीवर पसरली पाहिजे, कारण तिच्यावर मातीची पोती किंवा दगड ठेवायचे आहेत आणि उतारावरून आलेलं पाणी तुरीपासून लांब सोडायचं आहे. सतरात सहा मिळवले की तेवीस होतात. अठरा फुटांची ताडपत्री या राशीवर टाकली तर प्रत्येक बाजूला अर्धा-पाऊण फूट उरतो. त्यावर दगड ठेवला तर तो तुरीच्या उतारावरच बसतो आणि पहिल्या वाऱ्यात घसरतो.

सपाट कापड गोल राशीवर बसवताना चुण्या पडतात. या राशीच्या पायथ्याशी साधारण सहा फूट कापड जास्त होतं आणि ते कुठेतरी दुमडावंच लागतं. दुमड वाऱ्याच्या पाठीला असेल आणि तिचं तोंड खाली असेल तर काही बिघडत नाही. तोंड वर राहिलं की तीच पन्हळ होते आणि पाणी थेट राशीत उतरतं. चौकोनी ताडपत्रीचे चार कोपरे बाजूंपेक्षा लांब पडतात, तेव्हा जास्तीचं कापड तिकडे सरकवून कोपऱ्यातच दुमडणं सोयीचं.

थप्पीचा हिशेब पार वेगळा आहे आणि खरी फसगत तिथेच होते. रास उताराने चढते, थप्पी सरळ उभी राहते. म्हणून उंची दोनदा मोजावी लागते, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. ५० किलोच्या २०० कट्ट्यांची थप्पी बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच होईल असं धरू. लांबीच्या दिशेला बारात उंचीचे बारा मिळवले की चोवीस, रुंदीच्या दिशेला आठात बारा मिळवले की वीस. दोन्हीकडे दोन-दोन फूट खाली लोंबायला आणि बांधायला ठेवले की अठ्ठावीस बाय चोवीस. जमीन ९६ चौरस फूट आणि ताडपत्री ६७२, म्हणजे सातपट! हा आकडा सांगितला की ऐकणाऱ्याला दुकानदाराची बाजू घेतल्यासारखं वाटतं, पण सुतळी टाकून कुणीही पडताळून पाहावं.

भारतीय अन्न महामंडळाच्या उघड्यावरच्या साठ्यातही हाच हिशेब दिसायचा. गोदामं अपुरी पडली की महामंडळ उंच ओट्यावर लाकडी चौकटी टाकून पोत्यांची थप्पी रचायचं आणि ती काळ्या जाड प्लास्टिकने झाकायचं. एका थप्पीचा तळ साधारण ९.५ मीटर बाय ६.१ मीटर आणि माल १५० टन. उंची चार मीटर धरली तर झाकायचा पृष्ठभाग तळाच्या तिपटीहून जास्त होतो. तो सपाट कापडाने झाकायचा म्हटलं तर चार कोपऱ्यांत चार-चार मीटरचे चौरस फुकट दुमडावे लागतील. एकूण कापडाचा चौथा हिस्सा नुसता घडीत जाईल. म्हणून तिथे सपाट ताडपत्री न वापरता थप्पीच्या मापाचं तयार आवरण वरून चढवायचे आणि दोरांनी आवळायचे. शेतकऱ्याची थप्पी दर वर्षी वेगळ्या मापाची, त्यामुळे त्याला सपाट कापडाशिवाय इलाज नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या हातात आहे. थप्पी ठेंगणी आणि पसरट रचली की कापड कमी लागतं. तेच २०० कट्टे सोळा बाय बारावर तीन फूट उंच रचले तर दाबासह सव्वीस बाय बावीस फुटांत काम होतं आणि वाऱ्यालाही कमी अंग मिळतं. जागा मात्र दुप्पट अडते, आणि बाजार आवारात ती मिळतेच असं नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हिवाळ्यात पाऊस कुठला, एवढा खर्च कशाला? पाऊस क्वचित येतो हे खरं, पण दव रोज पडतं, आणि अवकाळी सर अर्ध्या तासात काम करून जाते. हमीभावाच्या खरेदीत तुरीचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर चालत नाही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये, म्हणजे एक कट्टा ४,००० रुपयांचा. एका मापाने मोठी ताडपत्री घेताना किती जास्त पडतात ते दुकानात विचारावं आणि या आकड्याशेजारी ठेवून पाहावं. शिवाय दुकानात चोवीस बाय तीस म्हणून मिळते ते पुष्कळदा कापाचं माप असतं. कडा दुमडताना प्रत्येक बाजूने दोन-तीन इंच जातात, तेव्हा टेप तिथेच लावलेली बरी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घरात दोन लहान ताडपत्र्या असताना एक मोठी कशाला? दोन चालतात, पण जोड निदान दोन फुटांचा हवा आणि त्याची दिशा सांभाळली पाहिजे. कौलं जशी वरची खालच्यावर चढवतात तसं वाऱ्याकडचं कापड पलीकडच्या कापडावर यावं. ट्रकवर हे आणखी नेमकं ठरतं. वारा कायम पुढूनच येणार, म्हणून पुढची ताडपत्री मागचीवर. उलट टाकली तर जोडाचं तोंड केबिनकडे उघडं राहतं आणि गाडीचा वेगच ते फाडून उघडतो.

ट्रकचं मापही सुतळीनेच घ्यावं. हौदा अठरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, माल फळीच्या वर तीन फूट आणि फळीबाहेर दोन फूट उतार, एवढं धरलं की साडेसतरा बाय अठ्ठावीस होतं. अठरा बाय तीस अगदी काठावर बसते, आणि कापाचं माप निघालं तर रुंदीत काहीच शिल्लक नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याला एवढ्या हौद्यावरचं कापड साधारण दोनशे किलोच्या ताकदीने वर खेचलं जाऊ शकतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. हा सगळा भार कडेच्या रिंगांवर टाकला तर आधी रिंग निघते आणि मग तिच्याभोवतीचं कापड फाटत जातं. भार आडव्या आणि तिरप्या दोरांनी घ्यायचा असतो. रिंगेचं काम कड जागेवर ठेवण्याएवढंच. कापड सैल राहिलं की ते फडफडतं, आणि पोत्यांच्या कोपऱ्यांवर घासून भोकं पडतात ती त्यामुळेच. म्हणून मोठं माप घ्या म्हणताना हेही सांगायला हवं की जास्तीचं कापड मोकळं सोडायचं नाही. ते गुंडाळून दोराखाली घ्यायचं.

आता ज्याला मापाने उत्तर मिळत नाही ते. राशीखाली आणखी एक ताडपत्री अंथरलेली असते आणि तिची कड पुष्कळदा वरच्या ताडपत्रीच्या बाहेर डोकावते. मग वरून घसरलेलं पाणी खालच्या कापडावर पडतं आणि तेच कापड ते आत, तुरीखाली घेऊन जातं. वरचं पांघरूण चोवीस फुटांचं असो की चाळीस, तूर खालून भिजते. खालच्या कापडाच्या कडा वर वळवून वरच्या कापडाच्या आत घ्यायच्या. थप्पीलाही हाच न्याय. लोंबणारी कड लाकडी फळ्यांच्या बाहेर खाली सोडायची. नीटनेटकं दिसावं म्हणून ती कट्ट्यांखाली खोचली की पाण्याला आत जायला वाट मिळते.

आणि घाम. प्लास्टिकची ताडपत्री पाणी आत येऊ देत नाही तशी वाफ बाहेरही जाऊ देत नाही. दिवसा उन्हाने तापलेल्या तुरीतला ओलावा वर चढतो, रात्री थंड कापडाला लागून त्याचे थेंब होतात आणि वरच्याच थरावर पडतात. माप जितकं चोख आणि बांधणी जितकी घट्ट, तितका हा त्रास जास्त. कोरड्या दिवशी उन्हं वर आली की ताडपत्री काढायची आणि दव पडायच्या आत परत घालायची, याला पर्याय नाही. बारा टक्क्यांच्या वर ओलावा असलेली तूर तर आधी पसरून वाळवावी. नुकसान कशाने झालं ते तूर स्वतः सांगते. ओल एका सरळ पट्ट्यात असेल तर जोड चुकला. एकाच उभ्या रेषेत वरून खाली उतरली असेल तर चुणीचं तोंड वर होतं. वरचा थर सगळीकडे सारखा चिकटला आणि आंबूस वास आला तर तो घाम, पावसाला बोल लावू नये. फक्त तळचे कट्टे ओले निघाले तर वरची ताडपत्री बदलून उपयोग नाही, जागा बदलावी किंवा खाली फळ्या घालाव्यात.